पहिल्या ओळीत आकडा

‘बाजारातील प्रतिकूल परिस्थिती व सणासुदीच्या वेळापत्रकातील बदल यांमुळे या तिमाहीत विक्रीचे उद्दिष्ट पूर्णपणे गाठता येऊ शकले नाही, तथापि कंपनीची एकूण वाटचाल समाधानकारक आहे.’

गुंतवणूकदारांना जाणाऱ्या तिमाही पत्रात हे वाक्य असतंच. कंपनी बदलते, शब्द थोडे मागेपुढे होतात, घडण तीच राहते. आता ज्याने त्या कंपनीत पाच लाख रुपये घातले आहेत, त्याच्या जागी बसून हे वाक्य पुन्हा वाचा. विक्री किती झाली? किती व्हायची होती? कमी कशामुळे पडली? आता पुढे काय? चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर इथे नाही. उलट ‘पूर्णपणे’ या एका शब्दाने असा भास होतो की जवळजवळ गाठलंच होतं, थोडक्यात हुकलं.

अशा पत्रांचे मसुदे माझ्याकडे दुरुस्तीला येतात. लिहिणारा खोटारडा असतो असं मला कधी वाटलं नाही. तो घाबरलेला असतो. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले त्यांना ‘जमलं नाही’ हे सांगायचं असतं आणि प्रत्येक वाक्य लिहिताना तो मनातल्या मनात समोरच्याचा आरोप परतवत असतो. म्हणून पत्रात माहितीच्या जागी बचाव येतो. दुरुस्ती भाषेची वाटते, पण ती सुरू होते हिशेबापासून.

आधी तूट फोडायची

उदाहरणासाठी एक कंपनी धरू. आकडे मी समजावण्यासाठी बांधले आहेत, पण प्रसंग अशा कंपन्यांत नेहमी घडणारे आहेत. नाशिकजवळ भाजणी, अनारशाचं पीठ, मेतकूट बनवणारी एक खासगी कंपनी. सतरा गुंतवणूकदार आहेत: कोणी कॉलेजचे मित्र, कोणी नातेवाईक, एक बँकेतून निवृत्त झालेले काका. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीत 2 कोटी 40 लाखांची विक्री करू, असं संचालकाने सांगितलं होतं. झाली 1 कोटी 86 लाखांची. तूट 54 लाख, म्हणजे उद्दिष्टाच्या साडेबावीस टक्के. वरचं वाक्य या तिमाहीच्या पत्रातलं समजा.

‘प्रतिकूल परिस्थिती’ असं लिहिणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: या 54 लाखांचे तुकडे करून दाखवा. प्रत्येक तुकड्याला एक कारण, प्रत्येक कारणाला एक आकडा आणि प्रत्येक आकड्याला एखादा कागद. कागद सापडला नाही तर ते कारण नव्हे, तो अंदाज.

या कंपनीत कागद सापडले. सप्टेंबरच्या बिलांवरून दिसलं की दिवाळीचा 18 लाखांचा माल 30 सप्टेंबरच्या आधीच दुकानदारांकडे रवाना झाला होता. दिवाळी लवकर होती, म्हणून दुकानदारांनी लवकर उचलला. तो मागच्या तिमाहीत मोजला गेला. वितरकांच्या ऑर्डरच्या वहीत 26 लाखांच्या अशा ऑर्डरी होत्या, ज्यांचा माल पाठवताच आला नाही, कारण पाऊच भरण्याचं नवं मशीन वेळेवर आलं नाही. आणि 10 लाखांचा माल तीन वितरकांकडून परत आला होता. त्याच्या क्रेडिट नोटा फाइलला लावलेल्या होत्या. अठरा, सव्वीस आणि दहा मिळून चोपन्न. ‘बाजारातील प्रतिकूल परिस्थिती’ला यात एक रुपयाही शिल्लक राहिला नाही.

बेरीज अशी बरोबर जुळेलच असं नाही. दहा-पंधरा टक्के तूट कशामुळे आली ते कळत नाही, असं पुष्कळदा होतं. मग तेवढंच लिहावं: ‘6 लाखांचे कारण आम्हाला अजून सापडलेले नाही, 15 फेब्रुवारीपर्यंत कळवतो.’ या वाक्यामुळे बाकीच्या आकड्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. उरलेला तुकडा बाजाराच्या नावावर खपवला की सगळीच बेरीज संशयास्पद होते.

भिंतीवरचं कॅलेंडर

यानंतर प्रत्येक कारणाची एक परीक्षा घ्यायची: उद्दिष्ट ठरवताना हे माहीत होतं का, किंवा माहीत करून घेता आलं असतं का?

दिवाळीचं कारण इथे आपटतं. 2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 साली 21 ऑक्टोबरला. ही तारीख घरोघरीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आधीच छापलेली असते. संचालकाने मागच्या वर्षीच्या ऑक्टोबर-डिसेंबरची 1 कोटी 92 लाखांची विक्री घेतली, तिच्यावर 25 टक्के वाढ चढवली आणि 2 कोटी 40 लाख हे उद्दिष्ट काढलं. दिवाळी अकरा दिवस अलीकडे सरकली आहे, हे त्याने पाहिलंच नाही. तेव्हा ‘सणासुदीच्या वेळापत्रकातील बदल’ हे तूट पडण्याचं कारण नव्हे, तो चुकलेला हिशेब आहे. पत्रात तसंच यायला हवं.

इथे अजून एक गोष्ट उघडी पडते आणि लिहिणाऱ्याला सगळ्यात जड तीच जाते. मागच्या तिमाहीचं पत्र काढून पाहिलं, तर त्यात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की जुलै-सप्टेंबरचं उद्दिष्ट दीड कोटी होतं आणि ‘संघाच्या अथक परिश्रमांमुळे’ विक्री 1 कोटी 65 लाखांवर गेली. त्या 15 लाखांच्या वाढीत दिवाळीचा 18 लाखांचा आगाऊ माल होता. तो वजा केला तर ती तिमाहीसुद्धा 3 लाखांनी कमीच होती.

लवकर आलेली दिवाळी सप्टेंबरमध्ये आमची कर्तबगारी झाली आणि डिसेंबरमध्ये परिस्थिती झाली. मुद्दाम कोणी असं करत नाही. यशाचं श्रेय आपल्याकडे आणि अपयशाचं खापर बाहेर, ही माणसाची सवयच आहे. जेम्स बेटमन आणि बार्टन वाइट्झ या अमेरिकी अभ्यासकांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रांत नेमकी हीच सवय शोधली आणि 1983 साली ती मांडली. पण बँकेतून निवृत्त झालेले काका दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचतात. म्हणून नव्या पत्रात मागच्या पत्राची दुरुस्तीही करावी लागते. ती कोणी विचारण्याआधी केली तर तिला दुरुस्ती म्हणतात. विचारल्यावर केली तर खुलासा.

‘उशीर झाला’ म्हणजे कोणी केला?

मशीनबद्दल मूळ मसुद्यात लिहिलं होतं: ‘यंत्रसामग्रीच्या पुरवठ्यात विलंब झाल्याने उत्पादनावर परिणाम झाला.’

मराठीत जबाबदारी लपवायला खोटं बोलावं लागत नाही, क्रियापदच ते काम करतं. उशीर होतो, काम राहून जातं, निर्णय घेण्यात येतो, उद्दिष्ट गाठता येऊ शकत नाही. कर्ता कुठेच नसतो. अशी वाक्यं चूक नसतात; पाऊस पडला हे पाऊस पडला असंच लिहायचं. पण पत्रातल्या प्रत्येक क्रियापदापाशी थांबून ‘कोणी?’ असं विचारावं. उत्तर माणसाचं असेल तर तो माणूस वाक्यात आणावा.

उशिराच्या तारखा काढल्या. मशीन 1 ऑक्टोबरला सुरू व्हायचं होतं, झालं 20 नोव्हेंबरला. पन्नास दिवस उशीर. पुरवठादाराने ठरल्यापेक्षा बारा दिवस जास्त घेतले, हे खरं. उरलेले अडतीस दिवस कंपनीचे होते: ॲडव्हान्स 10 जुलैला भरायचा होता, तो 17 ऑगस्टला भरला. मधल्या काळात संचालक तिसरं कोटेशन मागवून किमतीत 40 हजारांची घासाघीस करत होता. ती घासाघीस यशस्वी झाली. पण दिवाळीनंतर रिकामी झालेली दुकानं पुन्हा माल मागत होती, तेव्हा पाऊच भरायला मशीन नव्हतं.

परत आलेला 10 लाखांचा मालही याच धाग्याचा. नवं मशीन नाही म्हणून जुनं मशीन दोनाऐवजी तीन पाळ्यांत चालवलं. त्याचा सीलिंगचा जबडा नीट तापेना, पाऊचच्या वरच्या कडेला बारीक फटी राहिल्या, हवा शिरली आणि थालीपीठाच्या भाजणीला खवट वास आला. मूळ पत्रात याचा उल्लेखच नव्हता. परतावा वजा करूनच विक्रीचा आकडा दिलेला होता, त्यामुळे तो न सांगताही आकडा खोटा ठरत नव्हता. पण वासाची तक्रार ही विक्रीच्या तुटीपेक्षा गंभीर बातमी आहे. ती दुकानदारांकडून कानावर येण्याआधी पत्रातून कळली पाहिजे.

दुसरा मसुदा

हे सगळं जमवल्यावर पत्र लिहायला फार वेळ लागत नाही. ते असं झालं:

‘नमस्कार. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत 2 कोटी 40 लाखांची विक्री करू असे मी सांगितले होते. विक्री 1 कोटी 86 लाख झाली. ती उद्दिष्टापेक्षा 54 लाखांनी आणि मागच्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा 6 लाखांनी कमी आहे.

यातले 18 लाख बुडालेले नाहीत. दिवाळी लवकर असल्याने तेवढा माल सप्टेंबरमध्येच गेला. उद्दिष्ट ठरवताना मी दिवाळीची तारीख विचारात घेतली नाही. याच कारणाने मागच्या पत्रातले माझे एक विधान दुरुस्त करतो: जुलै-सप्टेंबरमध्ये आपण उद्दिष्टाच्या 15 लाख पुढे होतो असे मी लिहिले होते. हा आगाऊ माल वजा केल्यास आपण 3 लाख मागे होतो. दोन्ही तिमाही एकत्र धरल्यास उद्दिष्ट 3 कोटी 90 लाख आणि विक्री 3 कोटी 51 लाख आहे. खरी तूट 39 लाखांची आहे.

26 लाखांच्या ऑर्डरी आपण पुऱ्या करू शकलो नाही, कारण पॅकिंगचे मशीन 50 दिवस उशिरा सुरू झाले. त्यातले 12 दिवस पुरवठादाराचे, 38 माझे. किमतीची बोलणी लांबवून मी ॲडव्हान्स उशिरा भरला.

10 लाखांची भाजणी खवट वासामुळे परत आली. जुने मशीन तीन पाळ्यांत चालवण्याचा निर्णय माझा होता आणि सीलिंग तपासण्याची व्यवस्था आपण तेव्हा केली नव्हती. परत आलेला सर्व माल नष्ट केला आहे. तीनपैकी दोन वितरकांनी पुन्हा ऑर्डर दिली आहे, तिसऱ्याने अद्याप दिलेली नाही.

बँकेत 62 लाख आहेत. दर महिन्याला जमेपेक्षा साडेपाच लाख जास्त खर्च होतो, म्हणजे हे पैसे सुमारे 11 महिने पुरतील.

जानेवारी-मार्चचे उद्दिष्ट मी 1 कोटी 70 लाखांवरून 1 कोटी 45 लाखांवर आणत आहे. दोन बदल केले आहेत. प्रत्येक लॉटमधले दहा पाऊच पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का ते पाहिल्याशिवाय लॉट बाहेर जात नाही. आणि दोन लाखांवरच्या कोणत्याही खरेदीचा निर्णय पहिले कोटेशन आल्यापासून 15 दिवसांत होईल. दोन्हींचे काय झाले ते एप्रिलच्या पत्रात लिहीन.’

हे पत्र मूळ मसुद्याहून आखूड आहे. मुळात दोन पानं होती, त्यातलं पहिलं पान एका प्रदर्शनातल्या स्टॉलविषयी आणि नव्या लेबलविषयी होतं. चांगल्या बातम्या देऊ नयेत असं नाही. पण तूट असलेल्या तिमाहीत त्या आकड्यानंतर येतात, आधी नाही. वाचणारा तुटीची बातमी शोधत पानं उलटू लागला की लेबलबद्दलचं सगळं त्याला लपवाछपवी वाटतं.

‘तथापि’ही गेला. माझ्या अनुभवात मसुद्यातला पहिला ‘तथापि’ जिथे असतो, तिथे बचाव सुरू होतो. ‘आव्हानात्मक’, ‘काही अंशी’, ‘बरेच शिकायला मिळाले’ हे त्याचेच सोबती. काय शिकलो ते बुडबुड्यांच्या चाचणीच्या वाक्यात आलंच आहे. शिकलो असं वेगळं सांगायची गरज उरत नाही.

कबुलीचाही अतिरेक होतो

पहिला मसुदा बचावाचा म्हणून परत पाठवला की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘मी आपल्या विश्वासाला पात्र ठरलो नाही, मला रात्रंदिवस झोप नाही, मी मनापासून क्षमा मागतो.’ हे वाचून गुंतवणूकदाराला वाईट वाटतं, माहिती मात्र मिळत नाही. शिवाय अशा पत्राला उलट प्रश्न विचारणं त्याला अवघड जातं. म्हणजे बचावाच्या पत्राने जे साधलं, तेच रडव्या पत्रानेही साधलं. 38 दिवस माझे, हे तीन शब्द पुरेशी कबुली आहेत.

दुसरी काळजी माणसांची. ‘कोणी?’ या प्रश्नाचं उत्तर मशीनवरचा ऑपरेटर असलं तरी पत्रात त्याचं नाव येत नाही. तीन पाळ्यांचा निर्णय ज्याने घेतला त्याच्याकडे जबाबदारी जाते आणि पत्राखाली सही त्याचीच असते. पुरवठादाराचे बारा दिवस सांगावेत, कारण ते खरे आहेत. पण आपल्या अडतीस दिवसांशेजारी सांगावेत.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आणखी एक मर्यादा आहे. भावावर परिणाम करू शकेल अशी माहिती आधी शेअर बाजाराला कळवावी लागते, काही निवडक गुंतवणूकदारांना आधी पत्राने सांगता येत नाही. सेबीच्या नियमांनुसार तिमाहीचे निकाल तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत जाहीर करायचे असतात; वर्षाच्या लेखापरीक्षित निकालांना 60 दिवस मिळतात. आपल्या नाशिकच्या कंपनीला हे नियम लागू नाहीत, पण त्यातलं एक तत्त्व तिने घ्यावं: सतराही जणांना तेच पत्र, एकाच दिवशी. मोठ्या रकमेच्या दोघांना आधी फोन करून जास्त सांगायचं आणि उरलेल्यांना ‘समाधानकारक’ लिहायचं, हे नातेवाईकांच्या पैशांत तर कधीच लपत नाही.

खरं लिहिल्याने काय होतं

मोठ्या कंपन्यांत याचं एक चांगलं उदाहरण नेटफ्लिक्सचं आहे. ही कंपनी दर तिमाहीला भागधारकांना पत्र लिहिते. एप्रिल ते जून 2019 या तिमाहीत जगभरात 50 लाख नवे ग्राहक मिळतील असा तिचा अंदाज होता. मिळाले 27 लाख. अमेरिकेत तर ग्राहक वाढायच्या ऐवजी सव्वा लाखाच्या आसपास कमी झाले. 17 जुलैच्या पत्रात अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा दोन्ही दिलेले होते. तूट सगळ्याच भागांत आहे, दर वाढवले तिथे जरा जास्त आहे, हे मान्य केलं होतं. प्रतिस्पर्ध्यांमुळे असं झालं असं आम्हाला वाटत नाही, त्या तिमाहीतले आमचे कार्यक्रमच कमी पडले असावेत, असंही लिहिलं होतं. स्पर्धा ही सगळ्यात सोपी सबब होती. ती पत्राने स्वतःच बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे दहा टक्के पडला. खरं लिहिलं म्हणून त्या दिवशीचा मार चुकत नाही, हे संचालकांना मी आधीच सांगतो. तूट ही तूटच असते.

फायदा झालाच तर तो नंतर दिसतो. फिओना ली, ख्रिस्तोफर पीटरसन आणि लॅरिसा टीडन्स या मानसशास्त्रज्ञांनी 14 कंपन्यांचे 21 वर्षांचे वार्षिक अहवाल तपासले. 2004 साली त्यांनी मांडलं की ज्या कंपन्यांनी वाईट निकालाची कारणं स्वतःच्या हातातल्या गोष्टींत दाखवली, त्यांच्या शेअरची किंमत वर्षभरानंतर तुलनेने वर होती. केवळ कबुलीमुळे भाव वाढतो असं यातून सिद्ध होत नाही. चांगले व्यवस्थापक कबुलीही देत असतील आणि कामही नीट करत असतील. पण त्यामागचा तर्क आपल्याही घरातला आहे. ‘दिवाळी लवकर आली’ असं म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नाही, कारण पुढचीही दिवाळी पंचांगच ठरवणार. ‘मी तारीख पाहिली नाही’ असं म्हणणारा पुढच्या वेळी तारीख पाहू शकतो. आपली चूक मान्य करणं म्हणजे ती दुरुस्त करणं आपल्या हातात आहे, असं सांगणं.

हे सांगणं खरं होतं की नाही, ते जानेवारीच्या पत्रावरून कळत नाही, एप्रिलच्या पत्रावरून कळतं. म्हणून एप्रिलचं पत्र लिहायला बसताना जानेवारीचं पत्र शेजारी उघडं ठेवावं आणि त्यातली तीन वाक्यं तशीच उतरवून सुरुवात करावी: 1 कोटी 45 लाख म्हटलं होतं, झाले किती. दर लॉटमागे दहा पाऊच तपासू म्हटलं होतं, किती लॉट तपासले आणि किती अडवले. पंधरा दिवसांत निर्णय म्हटलं होतं, किती लागले. त्यातली एखादी गोष्ट पुन्हा चुकली असेल, तर तिचा आकडा पहिल्या ओळीत.